नंबर पोर्ट झाला, पण शेवटचं बिल मागे राहिलं

पोस्टपेड नंबर एका कंपनीतून दुसरीकडे नेणं हल्ली फारसं अवघड राहिलेलं नाही. अवघड आहे ते त्यानंतर येणारं जुन्या कंपनीचं शेवटचं बिल. त्यावर मराठीत शोधलं तर 'पोर्ट कसं करावं' याचे ढीगभर लेख सापडतात, पण पोर्ट झाल्यावर महिन्याभरानं मेलमध्ये येऊन पडणाऱ्या कागदाबद्दल कुणी काही सांगत नाही. माझं बिल जूनमध्ये सुरू झालं आणि सप्टेंबरमध्ये मिटलं. मधल्या काळात काय काय झालं ते तारखांसकट लिहिते. दोन्ही कंपन्यांची नावं मुद्दाम घेत नाही.

माझा प्लॅन महिन्याला ₹५९९ अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ₹७०६.८२ चा. बिलाचं चक्र ६ तारखेपासून पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत, आणि भाडं महिना संपल्यावर लागायचं. हे 'संपल्यावर' महत्त्वाचं आहे, कारण काही प्लॅनमध्ये भाडं आगाऊ घेतात आणि मग शेवटच्या बिलाचा हिशोब उलटा होतो. तुमचं कसं आहे ते कुठल्याही जुन्या बिलावर कळतं. मासिक भाड्याच्या ओळीसमोर कालावधी छापलेला असतो. तो बिलाच्या तारखेच्या आधीचा असेल तर भाडं मागाहून, नंतरचा असेल तर आगाऊ.

६ जूनला मे-जूनचं बिल आलं, ते ८ जूनला भरलं. त्याच संध्याकाळी १९०० या नंबरवर `PORT` लिहून, एक जागा सोडून, माझा दहा आकडी नंबर टाकून मेसेज केला. उत्तर आलं, थकबाकी असल्यामुळे कोड देता येत नाही. भरलेले पैसे त्यांच्या खात्यात दिसायला वेळ लागतो, एवढंच कारण. १० जूनला पुन्हा मेसेज केला तेव्हा आठ अक्षर-आकड्यांचा पोर्टिंगचा कोड, म्हणजे यूपीसी, लगेच आला. हा कोड चार दिवस चालतो (जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येकडे तीस दिवस).

इथे एक समज खोडून काढायला हवा, कारण मलाही दुकानात तसंच सांगितलं गेलं होतं: "मॅडम, यूपीसी आला म्हणजे तुमचं सगळं क्लिअर आहे." तसं नाही. यूपीसी देण्याआधी जे तपासतात ते म्हणजे नेहमीच्या चक्रात निघालेल्या बिलांचे पैसे भरलेत का, नंबर त्या कंपनीत नव्वद दिवस झालेत का, सिम नुकतंच बदललेलं नाही ना, नंबर दुसऱ्याच्या नावावर करण्याचा अर्ज पडून नाही ना, आणि करारातली मुदत संपण्याआधी सोडताना पाळायची एखादी अट बाकी नाही ना. शेवटच्या बिलानंतर तुम्ही जे वापरलं त्याचं बिल अजून निघालेलंच नसतं, त्यामुळे ते या तपासणीत येत नाही. ते पोर्ट झाल्यावर निघतं. भाड्याचं घर सोडून चावी दिली तरी शेवटचं लाइट बिल मागाहून येतं, तसंच हे.

पण तपासणीतली शेवटची गोष्ट, कराराच्या अटीची, लक्षात ठेवा. पुढे तीच माझ्या उपयोगी पडली.

१० तारखेलाच ॲपमध्ये 'अनबिल्ड' म्हणून ₹२१२ दिसत होते. जुन्या कंपनीच्या दुकानातल्या मुलानं सुचवलं की थोडे जास्तच भरून ठेवा, म्हणजे नंतर कटकट नको. मी ₹३०० भरले. हे आगाऊ भरणं सक्तीचं नाही. फायदा इतकाच की शेवटच्या बिलातून तेवढे वजा होतात, आणि तोटा असा की जास्त झाले तर ते परत मिळवण्यासाठी मागे लागावं लागतं. प्रीपेडवाल्यांना मात्र इथे काहीच पर्याय नाही. पोर्ट झाल्यावर उरलेला टॉकटाइम बुडतो, तो परतही मिळत नाही आणि नव्या कंपनीत जातही नाही. पोस्टपेडमध्ये उरलेली रक्कम तुमचीच राहते.

त्या दिवशी रात्री बसून मी आणखी तीन कामं केली आणि पुढचा सगळा निभाव त्यांच्यावर लागला. सहा महिन्यांची बिलं पीडीएफमध्ये उतरवून घेतली. बिलावरचा ग्राहक खाते क्रमांक वेगळा लिहून ठेवला. आणि खात्याला जोडलेला मेल चालू आहे ना हे पाहून घेतलं. उतरवलेल्या बिलांमध्ये एक ओळ होती: 'सिक्युरिटी डिपॉझिट ₹१,०००'. परदेशी कॉल चालू करून घेतले तेव्हा भरलेले हे पैसे मी पार विसरले होते.

११ जूनला नव्या कंपनीच्या दुकानात आधार दाखवून केवायसी केलं, सिम घेतलं. फॉर्मवर सही करताना त्यातलं एक वाक्य वाचलं: जुन्या कंपनीचं पोर्ट होईपर्यंतचं देणं मी भागवीन. म्हणजे जुनं बिल न भरता सुटता येईल असं कुणाला वाटत असेल तर तसं लिहून द्यावंच लागतं की भरीन. एकाच सर्कलमध्ये पोर्ट करायला तीन कामाचे दिवस आणि दुसऱ्या सर्कलमध्ये किंवा कंपनीच्या नावावरच्या नंबरला पाच, असा नियम आहे. विचार बदलला तर अर्ज केल्यापासून चोवीस तासांत १९०० वरच `CANCEL` आणि नंबर पाठवून मागे फिरता येतं. माझा नंबर १५ जूनच्या पहाटे गेला. जुनं सिम मेलं, नवं टाकलं, दोन मिनिटांत रेंज आली. मला वाटलं, झालं.

त्याच दिवशी जुन्या कंपनीचं ॲप उघडलं तर 'हा नंबर आमच्या नेटवर्कवर नाही' म्हणून बाहेर काढलं. म्हणजे खातं अजून चालू, बिल अजून निघायचं, पण ते बघायची खिडकी बंद. बिल भरण्याच्या इतर ॲपमध्येही नंबर टाकला की जुन्या कंपनीचं बिल सापडेना. बँकेत जाऊन जुन्या कंपनीची ऑटो-पे मंजुरी मी त्याच दिवशी रद्द केली. हे पोर्ट झाल्याबरोबर करावं, कारण शेवटचं बिल चुकीचं निघालं तर ते आपोआप कापलं जातं आणि मग आपलेच पैसे मागत बसावं लागतं. माझ्या बाबतीत तेच झालं असतं.

शेवटचं बिल ८ जुलैला मेलवर आलं. चक्र ५ जुलैला संपतं, म्हणून तोपर्यंत ते निघालंच नव्हतं. पोर्ट झाल्यावर चार-पाच दिवसांत बिल आलं नाही म्हणून घाबरू नका, तुमचं चक्र संपेपर्यंत थांबा. भरायची तारीख २५ जुलै. आणि आकडे असे:

मासिक भाडं ₹५९९. परदेशी कॉल ₹३६. नोटिस पीरियड शुल्क ₹५९९. त्यावर जीएसटी ₹२२२.१२. एकूण ₹१,४५६.१२. आगाऊ जमा ₹३०० वजा जाता देणं ₹१,१५६.१२.

डिपॉझिटचा उल्लेख कुठेच नाही.

मी वहीत माझा हिशोब मांडला. ६ जून ते १४ जून, म्हणजे नऊ दिवस मी त्यांची ग्राहक होते. तीस दिवसांच्या चक्रात नऊ दिवसांचं भाडं ₹१७९.७०. परदेशी कॉलचे ₹३६ मान्य, ते मीच केले होते. दोन्ही मिळून ₹२१५.७०, त्यावर अठरा टक्के ₹३८.८३, एकूण ₹२५४.५३. त्यांच्याकडे माझे आगाऊ तीनशे आणि डिपॉझिटचे हजार. म्हणजे ते म्हणत होते मी ₹१,१५६.१२ द्यायचे, आणि माझ्या हिशोबानं त्यांनीच मला ₹१,०४५.४७ द्यायचे होते.

दिवसांच्या प्रमाणात भाडं लागेल की पूर्ण महिन्याचं, हे प्लॅनच्या अटींवर ठरतं. म्हणून आधी ते वाचा, मग भांडा. माझ्या प्लॅनच्या अटींत 'सेवा बंद झाल्याच्या तारखेपर्यंत प्रमाणशीर आकारणी' असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

तक्रार करायला १९८ लावला. तो लागला नव्या कंपनीला, कारण १९८ हा तुम्ही ज्या नेटवर्कवर असता त्याच कंपनीचा तक्रार नंबर असतो. हसू आलं, पण अडचण खरी होती. जुन्या कंपनीच्या वेबसाइटवरून दहा आकडी ग्राहकसेवा नंबर काढला, तिथलं यंत्र म्हणे 'कृपया आमचा मोबाइल नंबर टाका'. टाकला, तर 'हा नंबर आमचा नाही'. शेवटी दुकानात गेले.

तिथल्या काउंटरवरच्या मुलीनं खाते क्रमांकावरून बिल काढलं, बघितलं आणि म्हणाली, "मॅडम, हे सिस्टिमनं लावलंय. तुम्ही तीस दिवस आधी कळवलं नाही ना."

"कुठे कळवायचं असतं?"

"ते... बंद करायचं असेल तर कळवतात."

"मी बंद नाही केलं, पोर्ट केलंय."

ती थोडी घुटमळली. "तुम्ही मेल टाका मॅडम. इथून मला कमी करता येत नाही. पण डॉकेट नंबर नक्की मागा, नाहीतर मेल तसाच पडून राहतो."

तिचा हा सल्ला या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात कामाचा निघाला. ९ जुलैला मेल केला, डॉकेट नंबर म्हणजे तक्रारीचा क्रमांक आला आणि पुढचा प्रत्येक मेल मी त्याच नंबरखाली पाठवला.

मेलमध्ये मी तीनच गोष्टी लिहिल्या. पहिली, भाडं नऊ दिवसांचं लावा, हे अटींतलं कलम. दुसरी, नोटिस पीरियड कुठल्या कलमाखाली लावलाय ते दाखवा. आणि माझ्यावर करारातली बाहेर पडण्याची काही अट बाकी असती तर १० जूनला यूपीसी नाकारला जायला हवा होता, तो तर तुमच्याच नोंदी तपासून मिळाला. तिसरी, डिपॉझिट वळतं करा, सोबत जुनं बिल जोडलंय. शेवटी एक वाक्य: हे बिल मला मान्य नाही, वाद मिटेपर्यंत यातली रक्कम थकबाकी समजू नये.

हे शेवटचं वाक्य भरायच्या तारखेआधी लेखी जायला हवं. पोर्ट झालेल्या ग्राहकानं शेवटचं बिल भरलं नाही तर जुनी कंपनी नव्या कंपनीला कळवून नंबर बंद करण्याची मागणी करू शकते. नंबर नव्या कंपनीत, बिल जुन्या कंपनीचं, आणि बंद पडणार तुमचा फोन, असा हा प्रकार आहे. माझी बँक, गॅस, शाळेचे मेसेज, सगळं त्याच नंबरवर. त्यामुळे 'मी बरोबर आहे, बघू काय करतात' असं म्हणत गप्प बसायची चैन परवडणारी नव्हती. वादात नसलेली रक्कम तेवढी भरून टाकावी का, हाही विचार केला. त्यांच्याकडे माझेच तेराशे पडून होते म्हणून मी भरली नाही. ज्यांचं डिपॉझिट नाही त्यांनी मान्य असलेली रक्कम भरून पावती मेलला जोडलेली बरी.

१४ जुलैला उत्तर आलं: 'शुल्क अटी व शर्तींनुसार आहे, तक्रार बंद करत आहोत.' कलमाचा पत्ता नाही. मी पुन्हा कलम क्रमांक मागितला. २७ जुलैला नव्या सिमवर मेसेज आला की जुनी थकबाकी भरा, नाहीतर सेवा खंडित होऊ शकते. त्या रात्री झोप लागली नाही, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी नव्या कंपनीच्या दुकानात विचारलं. त्यांचं म्हणणं, "आमच्याकडे मागणी आली तर आम्हाला कारवाई करावी लागते. बिल बरोबर की चूक ते आम्ही बघू शकत नाही. तुम्ही त्यांच्याकडूनच मिटवा." सरळ उत्तर होतं, निदान कुठे जायचं नाही ते कळलं.

मग अपील केलं. दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीत तक्रारीचे दोन टप्पे असतात: आधी तक्रार केंद्र, तिथे समाधान झालं नाही तर अपिलीय प्राधिकरण. अपिलाला फी नाही, वकील लागत नाही, ते दाखल करायची मुदत तीस दिवसांची. पत्ता आणि मेल कंपनीच्या वेबसाइटवर असतो, बहुतेक वेळा पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात. ट्राय स्वतः एकेकट्या ग्राहकाच्या तक्रारीचा निवाडा करत नाही, त्यामुळे तिथे थेट लिहून वेळ घालवू नये. मी २९ जुलैला अपील पाठवलं: डॉकेट नंबर, दोन्ही बाजूंचे मेल, शेवटचं बिल, डिपॉझिटवालं जुनं बिल, यूपीसीच्या मेसेजचा स्क्रीनशॉट आणि माझा अर्ध्या पानाचा हिशोब.

५ ऑगस्टला सुधारित बिल आलं. नोटिस पीरियडची ओळ गेलेली, भाडं ₹१७९.७०. मी खूश झाले आणि मग खाली पाहिलं. आकारणी ₹२१५.७०, जीएसटी ₹२२२.१२, एकूण ₹४३७.८२. दोनशे पंधरा रुपयांच्या सेवेवर दोनशे बावीस रुपये कर! शुल्क काढलं, पण त्याच्यावरचा कर तसाच ठेवला. ₹१,०१८.३० मागे घेतले होते, त्यांच्यावरचे ₹१८३.२९ राहून गेले. सुधारित बिल हातात आलं की कराची रक्कम मूळ आकारणीच्या अठरा टक्के आहे का, एवढं एक गणित करून बघाच. डिपॉझिट अजूनही वळतं केलेलं नव्हतं.

पुन्हा मेल, तोच डॉकेट आणि अपिलाचा क्रमांक. या वेळी उत्तर लवकर आलं, बहुधा चूक उघड्या डोळ्यांनी दिसणारी होती म्हणून. १४ ऑगस्टच्या बिलात देणं ₹२५४.५३, त्यातून आगाऊ ₹३०० आणि डिपॉझिट ₹१,००० वजा जाऊन 'परतावा ₹१,०४५.४७'. पैसापैशासकट माझ्या वहीतला आकडा.

परताव्यासाठी त्यांनी रद्द केलेला चेक मागितला. चेकवरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळलं पाहिजे, यावर अडतं. माझं लग्नाआधीचं नाव मोबाइल खात्यावर आणि नंतरचं बँकेत, म्हणून सोबत राजपत्राची प्रत जोडावी लागली. दुकानातल्या त्याच मुलीनं आधीच बजावलं होतं की सेवा बंद झाल्यापासून पंचेचाळीस दिवसांत डिपॉझिट परत यायला हवं. तो काळ कधीच उलटून गेला होता आणि मेलमध्ये मी ते नोंदवलं. पैसे २ सप्टेंबरला एनईएफटीनं आले. व्याज नाही, दिलगिरी नाही.

पैसे आल्यावर मी थांबले नाही, 'काही देणं बाकी नाही' असं पत्र मागितलं. पहिल्या पत्रात नुसता खाते क्रमांक होता, मोबाइल नंबर नव्हता. तसलं पत्र उद्या नव्या कंपनीला दाखवून काय उपयोग? परत लिहिलं, दोन्ही क्रमांक घालून पत्र ९ सप्टेंबरला मिळालं.

आणि ते लगेच कामाला आलं. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका वसुली एजन्सीचा फोन आला. जुन्या कंपनीचे ₹१,१५६.१२ थकलेत, आत्ता लिंक पाठवतो, त्यावरून भरा. त्यांच्याकडे जुलैमधली यादी होती, ती कुणी सुधारलेलीच नव्हती. मी लिंक उघडली नाही. असे पैसे कधीच फोनवरच्या लिंकवरून भरू नयेत, खरंच देणं असलं तरी कंपनीच्या दुकानात जाऊन खाते क्रमांकावर भरावेत आणि पावती घ्यावी. त्यांना म्हटलं, तुमचा मेल द्या, पत्र पाठवते. त्यांनी दिला, मी पाठवलं आणि त्याची एक प्रत जुन्या कंपनीच्या अपिलाच्या मेलवरही टाकली, 'तुमची यादी सुधारा' असं लिहून.